चुन्यावरचा पुरावा

सरकारी नोकराला काम सांगा, तो ते करेल किंवा टाळेल. पण केलेलं काम स्वतःच्या तोंडानं, वाखाणून लिहायला लावलं, की भल्याभल्यांची बोबडी वळते. अठ्ठ्याहत्तर सालच्या मार्चअखेरीस देवमन इंगोलेची नेमकी तीच गत झाली.

देवमन मलेरिया खात्यात होता. वाशीम तालुक्यातली पाच-सहा गावं त्याच्याकडे. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आला का विचारायचं, आला असेल तर डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या समोर गिळायला लावायच्या, आणि निघताना दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं तारीख टाकून सही ठोकायची. अशी त्याची नोकरी. आठ-नऊ वर्षं तो हेच करत होता आणि आठ-नऊ वर्षं तो तात्पुरताच होता. सरकारचा 'तात्पुरता' हा शब्द फार दमदार असतो, तो लवकर मरत नाही.

त्या साली मात्र वरून फर्मान आलं. मलेरियाची, देवीच्या लशीची, अशी सगळी सुटी माणसं आता एकाच नव्या कायम पदावर घ्यायची. ज्यांचा शेरा चांगला त्यांना घ्यायचं, बाकीच्यांच्या हाती नारळ द्यायचा. आणि शेरा देणार होते बोधनकर साहेब. साहेब नवे होते, बारीक होते, आणि त्यांना एकच शब्द मनापासून आवडायचा, तो म्हणजे पुरावा. त्यांनी प्रत्येकाला एक कोरा तक्ता धाडला. त्यात तीन रकाने: वर्षभरात काय साध्य केलं, त्याचा आकडा, आणि त्याचा पुरावा. स्वतः लिहायचं, स्वतः सही करायची, आणि साहेब येऊन पडताळून पाहणार.

देवमननं रात्री जेवण झाल्यावर तक्ता पुढ्यात घेतला आणि बऱ्याच विचारानं पहिल्या रकान्यात लिहिलं, 'ताप विचारला.' मग त्याला पुढं काही सुचेना.

त्याची बायको भागिरथा चुलीजवळून म्हणाली, "येवढंच? वर्सभर पाय तुटेलोक हिंडून येवढंच केलं तुमी?"

"खरं तेच लिवलं."

"खरं लिवून कोनाले नोकरी लागली हाय?"

भागिरथाचा हा प्रश्न देवमनच्या मनात रुतून बसला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वरच्या माणसाकडे, रतनसिंग राठोडकडे गेला. रतनसिंग निरीक्षक. देवमनसारख्या चारजणांनी खरोखर घरोघर भेटी दिल्या की नाही, ते गावात जाऊन तपासणं हे त्याचं काम. माणूस गोड बोलायचा आणि इस्त्रीचा सदरा घालायचा. त्यानं देवमनचा तक्ता वाचला आणि कपाळाला हात लावला. मग त्यानं समजावलं, की बाबा रे, काम छोटं-मोठं नसतं, लिहिणारा छोटा-मोठा असतो. नुसतं डबकं बुजवलं म्हणायचं नाही, डासांचं उत्पत्तिस्थान नष्ट केलं म्हणायचं. प्रत्येक गोष्टीला आकडा लाव, प्रत्येक आकड्याला पुरावा लाव.

देवमनला ही विद्या भलतीच चढली. त्यानं पुरवणी कागद जोडले. काचपट्ट्या किती घेतल्या, याला पुरावा प्रयोगशाळेची पावती. इथवर ठीक होतं. पुढं त्यानं लिहिलं, 'डबकी कोरडी केली: नऊ. पुरावा: आता तेथे पाणी नाही.' 'डबक्यांत तेल सोडले: सात. पुरावा: वास.' 'गोळ्या गिळवल्या: शेकडो. पुरावा: ग्रामस्थांच्या शिव्या.' 'रडणारी लेकरे समजावली: अगणित. पुरावा: त्यांच्या आया.' एका म्हशीला विहिरीतून काढताना दोर धरला होता, तेही त्याला घालायचं होतं. पण म्हशीला मलेरिया होत नाही असं भागिरथानं म्हटल्यावर त्यानं ते खोडलं.

खरी दौलत होती ती घरभेटींच्या ओळीत. ताप आला त्या घराची काचपट्टी असते, पण ज्या घरी कुणी आजारीच नव्हतं तिथं आपण गेलो होतो, हे सांगणार कोण? फक्त भिंत. देवमननं छाती फुगवून लिहिलं, 'प्रत्येक घर, प्रत्येक पंधरवडा. पुरावा: भिंती.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. नाल्याला पूर असताना तो पिशवी डोक्यावर घेऊन पलीकडे गेला होता. या एका ओळीच्या जिवावर आपली नोकरी कायम होणार, याची त्याला खात्री वाटत होती.

साहेबांनी पडताळणीसाठी सावळदरीची बौद्ध वस्ती निवडली. तीस-एक घरं असतील. एप्रिलच्या तीन तारखेला येतो म्हणाले.

आता एप्रिल म्हटल्यावर वस्तीत काय चालू असणार, हे देवमनला कुणी सांगायला नको होतं. तो स्वतःही त्याच समाजातला. चौदा तारखेला जयंती. तिच्या आधी घरं सारवायची, भिंतींना चुना द्यायचा, निळी किनार ओढायची. चुन्याची पोती आलीच होती. देवमन धावत सावळदरीला गेला आणि वस्तीत जिचा शब्द चालतो त्या लिलाबाईपुढं उभा राहिला. लिलाबाई वयानं मोठी, अंगानं दणकट, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप हातातलं काम खाली ठेवावं.

"काकू, तीन तारखेलोक भिताडाले हात लावू नका," देवमन म्हणाला. "माह्या नोकरीचा सवाल हाय."

"तुह्या तारखेसाठी जयंतीले काळ्या भिती ठिवाव्या का आमी?"

"नाई. फक्त तीनलोक."

लिलाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि बायकांना सांगितलं, की तीन तारखेपर्यंत चुना भिजवायचा नाही. बायकांनी कुरकुर केली पण ऐकलं. तीन तारीख आली. देवमन सकाळपासून वस्तीच्या तोंडाशी उभा. ऊन चढलं, उतरलं, साहेब काही आले नाहीत. संध्याकाळी निरोप मिळाला, की जीप मोडली, साहेब आता तेरा तारखेला येतील.

तेरा म्हणजे जयंतीचा आदला दिवस. तोवर थांबा असं तो लिलाबाईला कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं तोंड उघडलं खरं, पण तिनं हात वर केला आणि ते मिटलं. चार तारखेला चुना भिजला आणि दोन दिवसांत सगळी वस्ती दुधानं धुतल्यागत पांढरीशुभ्र झाली. देवमनची वर्षभराची पायपीट त्या चुन्याखाली गेली. तो एका ओट्यावर बसला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. भर दुपारी, बायकांच्या देखत. त्याला लाज वाटली, पण पाणी थांबेना.

लिलाबाईला त्याची दया आली. माणूस वाईट नाही, खोटं बोलत नाही, येतो तेव्हा बिचारा सोप्यातही चप्पल काढून येतो. तिनं त्याला चहा दिला, घरी धाडलं, आणि मनाशी एक बेत केला. बेत चांगल्या मनानं केला होता, म्हणूनच तो इतका महागात पडला.

जयंतीची कमान रंगवायला मंगरूळपीरहून हबीब पेंटर आला होता. हात असा सफाईचा, की दुकानाच्या पाट्या वाचायला नव्हे, बघायला लोक थांबत. लिलाबाईनं त्याला सांगितलं, की कमान होत राहील, आधी देवमनच्या घरी सायकल हाण आणि त्याच्या भेटींच्या तारखा घेऊन ये. ओल्या चुन्यावर पेन्सिल उमटत नाही, तू पक्क्या रंगात टाक. त्याचं मन खुलेल.

हबीब गेला तेव्हा देवमन काचपट्ट्या पोचवायला वाशीमला गेला होता. घरी भागिरथा. तारखांचा कागद कुठला, म्हणून तिनं इकडंतिकडं पाहिलं. झालेल्या भेटींची डायरी देवमनच्या पिशवीत, म्हणजे वाशीमला. पण भिंतीला खिळ्यावर कोरे करकरीत कागद टांगले होते. प्रत्येकावर एका गावाचं नाव आणि खाली ओळीनं तारखा होत्या. तिनं त्यातला सावळदरीचा कागद काढून दिला आणि सहीचा नमुना म्हणून नवऱ्याच्या जुन्या पाकिटावरची 'दे. इं.' अशी सही दाखवली. तो कागद कसला, हे तिला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तो कालच आलेला नव्या वर्षाच्या फिरतीचा कार्यक्रम होता. एप्रिल अठ्ठ्याहत्तर ते मार्च एकोणऐंशी. अजून उजाडायच्या दिवसांचा.

हबीबनं विचार केला, तीस घरांवर हातानं लिहीत बसलो तर कमान पुढच्या जयंतीला होईल. त्यानं डबड्याचा पत्रा सरळ केला, त्यात सगळ्या तारखा आणि सह्या कापून छाप बनवला आणि निळ्या तेलरंगाचा बोळा फिरवत एकेक घर मारत सुटला. वर लिहिलं 'मलेरिया भेट', खाली तारखा दोन रांगांत, प्रत्येक तारखेपुढं सही, आणि चौफेर बारीक वेलबुट्टी. वेलबुट्टीचे पैसे त्यानं घेतले नाहीत. अक्षराचं वळण तेवढं तो बघायचा, मजकूर काय आहे हे त्यानं जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

देवमन घरी आला तेव्हा भागिरथानं सांगितलं, की हबीब तारखा घेऊन गेला, सावळदरीच्या बाया पुन्हा लिहून घेऊन राह्यल्या. देवमनला एवढा आनंद झाला की कुठला कागद हे विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. डायरी आपल्याजवळ होती हेही त्याला आठवलं नाही. आनंदात माणूस असाच आंधळा होतो. मधल्या दिवसांत बाकीच्या गावांची फिरती होती, म्हणून तो सावळदरीकडे फिरकलाही नाही.

तेरा तारखेला जीप आली. पुढं साहेब, मागं रतनसिंग आणि देवमन. वस्ती सजली होती, पताका फडफडत होत्या. साहेब उतरले, देवमनचा तक्ता उघडला, 'पुरावा: भिंती' या ओळीवर बोट ठेवलं आणि पहिल्याच घरापुढं, लिलाबाईच्या घरापुढं, उभे राहिले. लिलाबाई पदर सारखा करून दारात उभी होती. तिच्या तोंडावर अभिमान मावत नव्हता.

देवमननं भिंतीकडे पाहिलं. निळ्या, ठसठशीत, सुंदर अक्षरांत पहिली तारीख होती अठरा एप्रिल अठ्ठ्याहत्तर. ती यायला अजून पाच दिवस होते. त्याची नजर घसरत खाली गेली. ऑगस्ट. दिवाळीनंतरचा नोव्हेंबर. शेवटी मार्च एकोणऐंशी. प्रत्येक तारखेपुढं त्याची सही. नोकरी गेली, हे त्याला त्या वेलबुट्टीतही स्पष्ट दिसलं.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग शेजारचं घर पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. सगळीकडे हेच. परत येऊन ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "इंगोले, तुम्ही पुढचं वर्ष पूर्ण केलेलं दिसतं."

रतनसिंग लगेच देवमनपासून बाजूला सरकला. हाताखालचा माणूस बुडताना दिसला की काही लोक दोन पावलं लांब उभे राहतात, तसा तो उभा राहिला आणि म्हणाला, की साहेब, मी याला वारंवार समज दिली होती. मी स्वतः महिन्याच्या महिन्याला या वस्तीत येऊन तपासणी करतो, माझ्या तक्त्यात तसं लिहिलंच आहे. हा माणूस येतच नसावा.

साहेबांनी तक्त्यावर लिहायला पेन उघडलं. पण पुराव्याचं वेड असलेल्या माणसाचं एक बरं असतं, की त्याला खोटेपणाचाही पुरावा लागतो. त्यांनी टोपण पुन्हा लावलं आणि म्हणाले, की वस्तीतून एक चक्कर मारू.

ते गल्लीत वळले मात्र, चार-पाच कुत्री कुठून कुठून निघून आली आणि साहेबांवर तुटून पडली. भुंकून भुंकून त्यांनी कान किटवले. रतनसिंगनं त्यांना दटावायला काठी उचलली, तर त्यातलं एक तांबडं कुत्रं त्याच्या इस्त्रीच्या पॅन्टीलाच लोंबकळलं. देवमन बिचारा मागं होता. तो मान खाली घालून पुढं आला तसं त्या कुत्र्यानं पॅन्ट सोडली, शेपूट हलवली आणि त्याची पिशवी हुंगून ते ओळखीच्या माणसाच्या सोबतीनं चालावं तसं त्याच्या बाजूनं चालू लागलं. बाकीची कुत्री साहेबांवर भुंकत राहिली.

पुढच्या अंगणात दहा-बारा लेकरं पताकांचा कागद कापत बसली होती. त्यांनी साहेबांकडे कुतूहलानं पाहिलं, रतनसिंगकडे पाहिलंही नाही. मग त्यांना देवमन दिसला. एका झटक्यात सगळ्या लेकरांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि ती काखेत खुपसली. चालताही न येणारं एक पोरगं होतं, त्यानंही मूठ आवळली आणि भोकाड पसरलं. तोवर एक म्हातारी काठी टेकत आली, देवमनपुढं येऊन तिनं आपणहून आ केला, जीभ वर करून दाखवली आणि सांगितलं, की गेल्या खेपेच्या गोळ्या तिनं गिळल्या होत्या, थुंकल्या नव्हत्या, तिच्यावर उगाच संशय घेऊ नये.

साहेब थांबले. त्यांनी वाकून एका मुलाला विचारलं, की बाळ, हा काका कोण? मूठ काखेतच ठेवून मुलगा म्हणाला, "सुईवाला." मग त्यांनी रतनसिंगकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? मुलानं बराच वेळ रतनसिंगला न्याहाळलं आणि हे तुमचे ड्रायव्हर का, असं विचारलं.

साहेबांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. त्यांनी रतनसिंगचा तक्ता मागून घेतला, त्यातली 'दरमहा तपासणी' ही ओळ वाचली, आणि तांबड्या कुत्र्याकडे पाहत म्हणाले, "राठोड, हा तुम्हाला ओळखत नाही वाटतं."

रतनसिंग गोड बोलणारा माणूस, पण त्या वेळी तो वाकून पॅन्ट झटकू लागला.

एव्हाना लिलाबाईच्या लक्षात आलं होतं, की काहीतरी बिनसलं आहे. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण माणसांची तोंडं वाचता यायची. ती तरातरा पुढं आली आणि साहेबांना तिनं सरळ विचारलं, की काय चुकलं? साहेबांनी तारखांचा घोळ समजावून सांगितला. ती ऐकून घेत गेली. हबीब, कागद, चुना, सगळं तिनं कबूल केलं. आपल्या चांगुलपणानं या माणसाचं वाटोळं केलं हे कळल्यावर तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"तारखा पुढच्या हायेत ना?" ती म्हणाली. "मंग खोट्या कशा? त्या दिवशी हा येते का नाई, ते पाहा. नोकरीच काढली तर हा येईन कसा?"

आयुष्यभर त्यांनी झालेल्या गोष्टींचे पुरावे मागितले होते, होणाऱ्या गोष्टीचा पुरावा तेलरंगात त्यांच्यापुढं पहिल्यांदाच आला होता. त्यांनी भिंत पुसून घ्या असं म्हणून पाहिलं. बायकांनी एका आवाजात सांगितलं, की जयंतीच्या रंगाला हात लावायचा नाही. मग साहेब ओट्यावर बसले, देवमनचा तक्ता मांडीवर घेतला आणि 'पुरावा: भिंती' यातलं 'भिंती' खोडून त्याच्या जागी लिहिलं, 'कुत्री व मुले'. खाली शेरा लिहिला: काम समाधानकारक. कायम पदावर घ्यावे. पुढील वर्षाच्या सर्व भेटी रंगवून झालेल्या असल्याने इसमास सेवेतून कमी करणे सोयीचे नाही.

देवमननं तो शेरा तीनदा वाचला. मग तो जीपच्या आडोशाला गेला आणि पोट धरून हसला, आणि हसता हसता थोडा रडलाही. इतकी वर्षं तात्पुरता राहिलेला माणूस दुसरं काय करणार?

देवमन जीपमध्ये बसत असताना लिलाबाईनं त्याला हटकलं.

"अठरा तारखेले ये. भितीवर लिवलं हाय, चुकवायचं नाई. अन् उद्या जेवाले ये. भागिरथाले घेऊन ये. पिशवी तेवढी घरी ठेव."

दुसऱ्या दिवशी देवमन पांढरा सदरा घालून, भागिरथाला घेऊन, रिकाम्या हातानं आला. भाषणं झाली, पंगत बसली. त्याला मानानं लेकरांच्या रांगेसमोर बसवलं. लेकरांनी वरण, भात, बुंदी सगळं पोटभर खाल्लं, पण शेवटच्या घासापर्यंत प्रत्येकानं डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता.